दोन रेषा जवळ येतात, हे कानाला कसं कळावं?

आम्ही तयार केलेल्या एका अहवालाचं वेबपान मी एकदा एका दृष्टिहीन शिक्षकांच्या शेजारी बसून ऐकलं. सर लॅपटॉपवर एनव्हीडीए वापरतात. हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. सरांचा वेग इतका की पहिली पाच मिनिटं मला एकही वाक्य पकडता आलं नाही. मग पानावर आलेख आला. यंत्राने म्हटलं, "ग्राफिक, आलेख", आणि ते पुढच्या परिच्छेदाकडे गेलं. सरांनी थांबून विचारलं, "यात काय होतं?"

त्या आलेखात महाराष्ट्राची साक्षरता होती. १९९१, २००१ आणि २०११ या तीन जनगणना आणि दोन रेषा, एक पुरुषांची, एक स्त्रियांची. दोन्ही वर चढत होत्या आणि चढता चढता एकमेकींच्या जवळ येत होत्या. अख्ख्या अहवालातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या जवळ येण्यात होती, आणि सरांच्या कानावर फक्त "आलेख" एवढा एक शब्द पडला. आमच्याकडे तपासणीचं सॉफ्टवेअर होतं आणि त्याने हे पान पास केलं होतं, कारण चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही एवढंच ते बघतं. त्या मजकुरात काही अर्थ आहे का, हे ते बघू शकत नाही.

तेव्हापासून आलेखाचा पर्यायी मजकूर आणि त्याच्या जोडीचा तक्ता, दोन्ही मी स्वतः लिहितो. ते कसं करायचं हे याच साक्षरतेच्या आलेखावरून सांगतो.

आधी ऐकणाऱ्याची अडचण नीट समजून घेऊ. आलेख बघताना आपली नजर मोकळी असते. आधी आकार दिसतो, मग एखादा बिंदू, मग अक्ष, मग पुन्हा आकार. ऐकणाऱ्याला मात्र सगळं एका ओळीत, एकामागून एक मिळतं. त्यातही चित्राचा पर्यायी मजकूर, म्हणजे `alt` मध्ये लिहिलेलं वाक्य, स्क्रीन रीडर सहसा एका दमात वाचतो. मधला एखादा आकडा निसटला तर बहुतेक वेळा पुन्हा सुरुवातीपासून ऐकावं लागतं. तक्त्याचं तसं नाही. तक्त्यात ऐकणारा घराघरातून फिरू शकतो. एनव्हीडीएमध्ये `T` दाबलं की पुढच्या तक्त्यावर जाता येतं, आणि `Ctrl+Alt` धरून बाणांच्या कळा दाबल्या की वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकता येतं. हव्या त्या आकड्यावर थांबता येतं, मागे येता येतं.

कामाची वाटणी यातूनच ठरते. आलेख काय म्हणतो हे पर्यायी मजकुराने सांगायचं, आणि ते खरं आहे का हे तपासण्याची सोय तक्त्याने द्यायची. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका ही वाटणी मोडल्यामुळे होतात. कुणी सगळेच्या सगळे आकडे पर्यायी मजकुरात कोंबतो, तर कुणी "आकडे तक्त्यात आहेत" म्हणून पर्यायी मजकुरात काहीच सांगत नाही.

आता साक्षरतेचा पर्यायी मजकूर लिहून बघू. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण असं लिहितात: "रेषालेख. आडव्या अक्षावर जनगणना वर्ष, उभ्या अक्षावर साक्षरतेची टक्केवारी. पुरुषांची रेषा निळी, स्त्रियांची केशरी." यातला शब्द न् शब्द बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ही आलेखाच्या सांगाड्याची माहिती झाली. रंगांचा उल्लेख तर सरळ काढावा. खालच्या मजकुरात "केशरी रेषा पाहा" असं कुठे म्हटलं असेल, तर चूक तिथली आहे. तिथेही "स्त्रियांची रेषा" असंच लिहायला हवं. रंग ओळखायला अडचण येणाऱ्या डोळस वाचकांचीही त्याने सोय होते.

मी शेवटी जे लिहिलं ते असं:

```html
<img src="saksharata.png"
  alt="रेषालेख. महाराष्ट्रात स्त्री-पुरुष
  साक्षरतेतला फरक १९९१ ते २०११ या काळात जवळपास
  निम्मा झाला: २४ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर.
  दोघांची साक्षरता वाढली, स्त्रियांची वाढ जवळपास दुप्पट.
  सर्व आकडे पुढच्या तक्त्यात.">
```

सुरुवात "चित्र" या शब्दाने केलेली नाही, कारण "ग्राफिक" हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. आलेखाचा प्रकार मात्र एका शब्दात सांगितला आहे. रेषालेख म्हटलं की काळानुसार बदल दाखवला असणार, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. त्यामागोमाग निष्कर्ष येतो. ऐकणारा कोणत्याही क्षणी पुढे निघून जाऊ शकतो, म्हणून सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सगळ्यात आधी. आकडे दोनच आहेत आणि तेही सोपे केलेले. फरक खरं तर २४.२४ वरून १२.५१ वर आला, पण "साडेबारा" कानाला एका ऐकण्यात कळतं. दशांशाची जागा तक्त्यात आहे. "जवळपास दुप्पट" हे मी मोजून लिहिलं आहे. वीस वर्षांत स्त्रियांची टक्केवारी २३.५५ने वाढली, पुरुषांची ११.८२ने.

"सतत वाढत गेली" असं मी लिहिलं नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे तीनच बिंदू आहेत. मधली रेघ आलेखाने ओढलेली आहे, ती जनगणनेने मोजलेली नाही. डोळ्यांनी बघणाऱ्याला तीन ठळक ठिपके दिसतात आणि मधली रेघ जोडणारी आहे हे तो समजून घेतो. ऐकणाऱ्याने "सतत" हा शब्द ऐकला की दर वर्षीची मोजणी त्याच्या मनात उभी राहते.

साक्षरता का वाढली, हेही पर्यायी मजकुरात नाही. एमआयटीतले ॲलन लुंडगार्ड आणि अरविंद सत्यनारायण यांनी २०२१ मध्ये ३० दृष्टिहीन आणि ९० डोळस वाचकांना आलेखांची वर्णनं देऊन कोणती उपयोगी वाटतात हे विचारलं. त्यांनी वर्णनाचे चार थर मानले होते: आलेखाची रचना, कमाल-किमानसारखी आकडेवारी, दिसणारा कल, आणि त्यामागची कारणं व संदर्भ. कारणं सांगणारा थर डोळस वाचकांना आवडला. दृष्टिहीन वाचकांपैकी अनेकांना तो नको होता. लिहिणाऱ्याचं मत आलेखाच्या नावाखाली आपल्या गळी उतरवलं जातंय, असं त्यांना वाटलं. मला हे पूर्ण पटतं. कारणांची चर्चा लेखात करावी, सगळ्यांसमोर. फक्त ऐकणाऱ्यांच्याच वाट्याला येणाऱ्या जागेत ती असू नये.

चित्राखाली सगळ्यांना दिसणारी ओळ असेल, तर तीच ओळ पर्यायी मजकुरात जशीच्या तशी उतरवू नका. ऐकणाऱ्याला तेच वाक्य लागोपाठ दोनदा ऐकावं लागतं. मी खालच्या ओळीत विषय आणि आकड्यांचा स्रोत देतो, पर्यायी मजकुरात आकार आणि निष्कर्ष.

आता तक्त्याकडे येऊ. एक्सेलमधली पट्टी उचलून चिकटवणं म्हणजे तक्ता नव्हे. डोळे जे काम आलेखावर आपोआप करतात, ते काम तक्त्याने करून द्यायला हवं. इथे डोळे काय करतात? दोन रेषांमधलं अंतर मोजतात. तक्त्यात फक्त स्त्रिया आणि पुरुष असे दोन स्तंभ दिले, तर ऐकणाऱ्याने ८५.९७ लक्षात ठेवायचे, डावीकडे सरकून ६७.०३ ऐकायचे आणि मनातल्या मनात वजाबाकी करायची. आकडे सगळे मिळाले, पण जवळ येणाऱ्या रेषा हरवल्या. म्हणून "फरक" हा वेगळा स्तंभ:

```html
<table>
  <caption>महाराष्ट्रातील साक्षरता, टक्क्यांमध्ये,
    वय ७ वर्षे व अधिक</caption>
  <tr>
    <th scope="col">जनगणना</th>
    <th scope="col">स्त्रिया</th>
    <th scope="col">पुरुष</th>
    <th scope="col">फरक</th>
  </tr>
  <tr>
    <th scope="row">१९९१</th>
    <td>५२.३२</td> <td>७६.५६</td> <td>२४.२४</td>
  </tr>
  <tr>
    <th scope="row">२००१</th>
    <td>६७.०३</td> <td>८५.९७</td> <td>१८.९४</td>
  </tr>
  <tr>
    <th scope="row">२०११</th>
    <td>७५.८७</td> <td>८८.३८</td> <td>१२.५१</td>
  </tr>
</table>
```

शेवटच्या स्तंभात वरून खाली सरकलं की कानावर येतं: चोवीस, एकोणीसच्या आसपास, साडेबारा. रेषा जवळ येतात ते इथे ऐकू येतं.

या तक्त्याचा जीव `th` आणि `scope` या दोन गोष्टींत आहे. `th` म्हणजे शीर्षकाचं घर. `scope="col"` म्हणजे हे शीर्षक खालच्या स्तंभाचं, `scope="row"` म्हणजे शेजारच्या ओळीचं. ते असेल तर २००१च्या ओळीत उजवीकडे सरकताना स्क्रीन रीडर "पुरुष, ८५.९७" असं वाचतो आणि त्याच स्तंभात खाली सरकताना "२०११, ८८.३८" असं. शीर्षकं नुसतीच ठळक अक्षरांत लिहून साध्या `td` मध्ये ठेवली, तर पडद्यावर काहीच फरक दिसत नाही. कानावर मात्र नुसते आकडे येतात: ८५.९७, ८८.३८. कशाचे, कुठले, हे ऐकणाऱ्याने लक्षात ठेवायचं. तीन ओळींत ते जमेल, वीस ओळींत नाही.

"टक्के" हा शब्द `caption` मध्ये एकदाच आहे. प्रत्येक घरात टक्क्याचं चिन्ह दिलं असतं तर तो शब्द नऊ वेळा ऐकावा लागला असता. वयाची अट मात्र `caption` मध्ये हवीच, कारण या तिन्ही जनगणनांची साक्षरता सात वर्षं आणि त्यावरच्या लोकसंख्येची आहे. त्याआधीच्या जनगणनांमध्ये वयाची मोजणी वेगळी होती, म्हणून १९८१चा आकडा नुसता वर जोडून चालत नाही.

घरं एकत्र करू नका. आपल्या सरकारी अहवालांत वर "साक्षरता" असं एक लांबलचक घर आणि त्याखाली तीन उपस्तंभ, अशी पद्धत फार आहे. कागदावर ते देखणं दिसतं. ऐकताना कोणतं शीर्षक कोणत्या आकड्याचं याचा हिशेब चुकायला लागतो. त्याऐवजी दोन साधे तक्ते करून द्यावेत. रिकाम्या घरात आडवी रेघ मारून ठेवण्याची सवयही सोडावी. विरामचिन्हं किती वाचायची हे ऐकणारा आपल्या सोयीने ठरवतो आणि बरेच जण ती गाळतात. मग रेघ ऐकूच येत नाही. तिथे "उपलब्ध नाही" असं शब्दांत लिहावं. याच कारणाने "१९९१-२०११" ऐवजी "१९९१ ते २०११" लिहावं, आणि घट दाखवताना नुसत्या उणे चिन्हावर विसंबू नये.

मराठी पानांची एक खास अडचण आहे. पानाच्या सुरुवातीला `<html lang="mr">` असं लिहिलेलं असेल तर स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो. तयार टेम्प्लेट उचललं की तिथे बहुतेक वेळा `en` राहून जातं. मग इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला जातो. कधी एकेक अक्षर विचित्र उच्चारतो, कधी सगळंच गाळून टाकतो. तुम्ही पर्यायी मजकूर कितीही जीव ओतून लिहा, तो पोचत नाही. दुसरी अडचण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बनवलेल्या पीडीएफची. डोळ्यांना त्यात सुंदर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. अशा पीडीएफमधला तक्ता कॉपी करून कुठेही चिकटवून बघा, लगेच कळेल. तो तक्ता युनिकोडमध्ये नव्याने टंकण्याशिवाय मला तरी खात्रीचा उपाय सापडलेला नाही.

तक्ता ठेवायचा कुठे? माझं मत: आलेखाच्या लगेच खाली, सगळ्यांना दिसेल असा. जागा कमी असेल तर `<details>` मध्ये ठेवून वर `<summary>` मध्ये "आकडे तक्त्यात पाहा" लिहावं, म्हणजे ज्याला हवा तो उघडेल. "फक्त दृष्टिहीनांसाठी" म्हणून तक्ता लपवू नये. पत्रकारांना, विद्यार्थ्यांना, मोबाइलवर बारीक आलेख न दिसणाऱ्या आजोबांनाही आकडे हवे असतात. शिवाय लपवण्याच्या नादात लोक `display:none` वापरतात आणि त्याने तक्ता स्क्रीन रीडरपासूनही लपतो. आणखी एक घोटाळा याहून फसवा आहे: `aria-describedby` वापरून आलेखाला तक्ता जोडणं. वाचायला ते रास्त वाटतं, पण त्या मार्गाने आलेला मजकूर सपाट होतो. घरं, ओळी, शीर्षकं सगळी वितळून एकच लांब वाक्य होतं आणि फिरण्याची सोय जाते.

आलेख चित्राऐवजी एसव्हीजी, म्हणजे कोडमधून काढलेली आकृती असेल, तर उलटी तक्रार येते. काहीच ऐकू न येण्याऐवजी अक्षांवरची सगळी अक्षरं ऐकू येतात: शून्य, वीस, चाळीस, साठ, ऐंशी, शंभर, १९९१, २००१. यावर उपाय सोपा आहे. `<svg>` वर `role="img"` आणि `aria-label` द्यायचं. मग आतलं सगळं एक चित्र मानलं जातं आणि तुम्ही लिहिलेलं वाक्यच वाचलं जातं. वर्डमध्ये अहवाल करणाऱ्यांना हे काही लिहावं लागत नाही. आलेखावर उजवी क्लिक केली की Alt Text सापडतं, आणि तक्त्याच्या पहिल्या ओळीसाठी Repeat Header Rows चालू करावं.

आता जिथे हा साचा पुरत नाही ते. जिल्हावार साक्षरतेचा नकाशा घ्या. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते, पालघर २०१४ मध्ये झाला. पर्यायी मजकुरात पसरण सांगायची: सर्वात जास्त मुंबई उपनगरात, सुमारे ९० टक्के, आणि सर्वात कमी नंदुरबारमध्ये, सुमारे ६४. तक्ता ३५ ओळींचा, साक्षरतेच्या उतरत्या क्रमाने. वर्णानुक्रमाने लावला तर आपला जिल्हा पटकन सापडतो, पण तो कितवा हे कळत नाही. उतरत्या क्रमात क्रमांकाचा एक स्तंभ दिला तर क्रम कळतो, आणि जिल्ह्याचं नाव `Ctrl+F` ने शोधता येतंच. रोजच्या पावसाचा वर्षभराचा आलेख असेल तर ३६५ ओळींचा तक्ता पानावर ओतू नये. महिन्यांच्या बेरजेच्या बारा ओळी द्याव्यात आणि पूर्ण आकड्यांची सीएसव्ही फाइल जोडावी. दुव्यावर नुसतं "इथे क्लिक करा" न लिहिता त्या फाइलीत काय आहे ते लिहावं.

आमच्या हातून झालेली एक चूक इथे सांगितली पाहिजे, कारण ती आलेख वापरणाऱ्या कुणाच्याही हातून होऊ शकते. २०११च्या जनगणनेचे आधी तात्पुरते आकडे आले होते. त्यांत महाराष्ट्राची पुरुष साक्षरता ८९.८२ आणि स्त्री साक्षरता ७५.४८ होती, म्हणजे फरक १४.३४. अंतिम आकड्यांत तो १२.५१ झाला. आमचा पहिला आलेख जुन्या फाइलीवरून, तात्पुरत्या आकड्यांवर बनलेला होता. चूक लक्षात आल्यावर आलेख बदलला, तक्ताही बदलला. पर्यायी मजकूर तसाच राहिला: "२४ वरून १४ वर." आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नाही, कारण आम्हा सगळ्यांना चित्र दिसत होतं. ते पकडलं सरांनी. त्यांचा निरोप आला, "वाक्य चौदा म्हणतंय आणि तक्ता साडेबारा म्हणतोय. खरं कोण?" तक्ता नसता तर सरांनी चौदा हाच आकडा धरून ठेवला असता. आता आमच्याकडे पर्यायी मजकूर आकड्यांच्या त्याच शीटमध्ये, शेजारच्या रकान्यात ठेवलेला असतो. आकडा बदलायला गेलं की वाक्य डोळ्यांसमोर येतं.

प्रसिद्ध करण्याआधीची तपासणी मी अशी करतो. आलेख न पाहिलेल्या एका सहकाऱ्याला फोन लावतो, पर्यायी मजकूर एकदाच वाचून दाखवतो आणि विचारतो, "काय कळलं?" त्याने "फरक कमी झाला" असं म्हटलं तर वाक्य ठीक आहे. त्याने "काहीतरी साक्षरतेबद्दल होतं" असं म्हटलं तर पुन्हा लिहायचं. मग एनव्हीडीए चालू करून, त्यातलाच स्क्रीन कर्टन लावून पडदा काळा करतो आणि फक्त कळांनी तीन प्रश्नांची उत्तरं शोधतो. २००१ मध्ये पुरुषांची साक्षरता किती? कोणत्या दशकात फरक जास्त कमी झाला? २०११च्या स्त्रिया १९९१च्या पुरुषांच्या पुढे गेल्या का?

पहिल्या प्रश्नाला एक घर पुरतं. दुसऱ्यासाठी फरकाचा स्तंभ खाली उतरत ऐकावा लागतो: पहिल्या दशकात ५.३०, दुसऱ्यात ६.४३. तिसऱ्यासाठी तक्त्यात तिरकं जावं लागतं, ७५.८७ वरून ७६.५६ वर. उत्तर नाही असं येतं, अगदी थोडक्यात हुकलं. हा प्रश्न सरांनीच विचारला होता, दुरुस्त केलेला तक्ता पहिल्यांदा ऐकताना. तो आलेख मी कित्येक महिने डोळ्यांसमोर ठेवून काम केलं होतं, आणि ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.